वाल्मिक मास्टरनं साल सोडलं

वाल्मिक सुकलाल सोनवणेच्या कपाटात सात शर्ट आहेत, सातही करडे. लग्न असो, मयत असो, बाजार असो, अंगात करडाच. उज्ज्वला, म्हणजे बायको, सासूच्या दहाव्याला म्हणाली होती, "आज तरी पांढरा घाला, लोक काय म्हणतील." तेव्हाही त्यानं करडाच घातला. लाल शर्ट घालून कापडाचा नमुना पाहिला तर शर्टाचा तांबूसपणा नमुन्यावर चढतो, पांढरा घातला तर नमुना फिका वाटतो. करडा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पंचवीस वर्षं सुरतेच्या मिलांमध्ये रंगावर काढली, त्यामुळं ही खोड आता कातडीसारखी झाली होती.

पांडेसऱ्यापासून सचिनपर्यंत, सुरतेच्या अख्ख्या मिलपट्ट्यात, त्याला वाल्मिक मास्टर म्हणून ओळखतात, ते काळ्या रंगासाठी. पॉलिएस्टरवर काळा चढवणं म्हणजे सोपं काम, असं बाहेरच्याला वाटतं. पण काळे शंभर असतात. एक ट्यूबलाइटखाली काळा नि उन्हात तांबूस. एक ओला असताना कोळसा, वाळला की हिरवट. वाल्मिक नमुना घेऊन लॅबच्या मागच्या दारात जायचा, उत्तरेच्या उजेडात धरायचा, एकदा उभा, एकदा तिरपा, आणि म्हणायचा, "नारिंगी वाढवा, चिमूटभर." जेटमध्ये, म्हणजे ज्या बंद यंत्रात कापड एकशेतीस डिग्रीवर रंगात फिरतं त्यात, पुढचा लॉट बरोबर निघायचा.

तीन वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली आणि स्वतःचं कार्ड छापलं : 'वाल्मिक सोनवणे, डाइंग कन्सल्टंट'. पहिलं गिऱ्हाईक सचिनचे भूपतभाई. आठ जेटची मिल, जुनं धुराडं, नवीन गेट. दोघांत दोन पानांचा करार झाला. मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास. लॅबमधल्या रेसिपी बसवणं, लॅबच्या माणसांना शिकवणं, दुसऱ्यांदा रंगवाव्या लागणाऱ्या कापडाचं प्रमाण खाली आणणं, महिन्याला एक लेखी अहवाल. याच्या बाहेरचं काम दोघांच्या लेखी संमतीनं, वेगळं ठरवून. कुणालाही थांबायचं असेल तर तीस दिवस आधी लेखी कळवायचं. महिन्याची ठरलेली फी वेळेवर यायची. पैशाची कटकट भूपतभाईनं कधीच केली नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा भलतीकडं जाईल.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. शंभरातले चौदा लॉट परत रंगवावे लागायचे, ते पाचावर आले. मयुरी नावाची बारडोलीकडची मुलगी लॅबमध्ये होती, ती त्याच्या हाताखाली इतकी तयार झाली की डोळे किलकिले करून निळा पकडायला लागली. भूपतभाई पार्टीसमोर म्हणायचे, "ये हमारा मास्टर है. इसकी आंख में मशीन बैठाया है भगवान ने."

घोळ झाला तो अखाजीला. आणि तो घोळ भूपतभाईनं नाही, वाल्मिकनं स्वतःच्या हातानं केला.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशी माणसाला पंचांगातलं नाव पुरत नाही. त्या दिवशी घागर भरतात, पितरांना जेवू घालतात, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. उधना स्टेशनवर त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबारकडे अर्धी सुरत निघते. जेटवर काम करणारी माणसं बहुतेक तिकडचीच, आणि भूपतभाईच्या मिलमधले नऊ जण तर वाल्मिकच्याच पट्ट्यातले. त्यातला चिंधा त्याचा भाऊबंद, गावात घराला घर लागून.

पहिल्या वर्षी अखाजीला सगळे गेले ते आठ दिवस आलेच नाहीत. भूपतभाईनं वाल्मिकला बसवलं, चहा पाजला. "मास्टर, आपके गांव के लोग हैं ने. जरा वात करो ने. आपकी बात कौन टालेगा?"

आपल्या माणसांत आपला शब्द चालतो, हे कुणी तोंडावर म्हटलं की खानदेशी माणूस फुगतो. वाल्मिकही फुगला. करारात हे नाही, असं त्याच्या मनात आलंच नाही. आपल्या माणसांशी बोलायचं त्याचं काय लिहून घ्यायचं? त्यानं नऊ फोन केले. तिसऱ्या दिवशी नऊही जेटवर उभे. भूपतभाईनं घरी केसर आंब्याची पेटी पाठवली, आणि उज्ज्वलानं त्याच आंब्यांचा रस करून चिंधाच्या पोरांना वाढला.

मग दार उघडलंच. कुणी कामाच्या पाळीला आला नाही की फोन मास्टरला. बाजारातला व्यापारी कापड परत पाठवतो म्हणाला की मास्टरनं रिंगरोडवर जाऊन समजूत घालायची. रसायनवाल्याकडून भाव पाडून घ्यायचा तो मास्टरनं. सांडपाण्याचे नमुने घ्यायला सरकारी माणसं आली की, सांडपाण्याच्या प्लांटला वेगळा माणूस ठेवलेला असताना, शेजारी मास्टर उभा पाहिजे, कारण "आप को बोलना आता है." भूपतभाईच्या भाच्यानं पलसाण्याला चार जेट टाकले, तिथल्याही रेसिपी मास्टरकडून. सकाळी दात घासताना फोनवर नमुन्याचे फोटो यायचे. फोटोत रंग दिसत नाही, हे लॅबमधलं पोरगंही सांगेल. तरी खाली लिहिलेलं असायचं, 'मास्टर, जल्दी'. मंगळवार-शुक्रवारचे बघता बघता सहा वार झाले.

दिवाळीनंतर वाल्मिकनं एका कागदावर सगळं लिहून काढलं. डावीकडं करारातलं काम, उजवीकडं सध्याचं काम. उजवी बाजू पान ओलांडून मागं गेली. खाली दोन पर्याय दिले : एकतर करारापुरतं ठेवू, नाहीतर नवीन करार करू, नवीन वेळ ठरवून.

भूपतभाईनं कागद वाचला, टेबलावरच्या काचेखाली सरकवला आणि चहावाल्याला हाक मारली. "कागळ-बागळ शुं करो छो मास्टर? ये तो आपका घर है. घर में कोई गिनता है क्या?"

तो कागद काचेखालीच राहिला. त्याच्यावर भूपतभाईचा चहाचा कप ठेवला जायचा.

उज्ज्वला घरी साड्यांना खडे लावायची. नवरा कन्सल्टंट झाला म्हणून तिनं हातातली सुई टाकली नव्हती. त्या दिवशी ती मान वर न करता म्हणाली, "तुमचे वडील कोण होते, विसरलात का?"

सुकलाल सालदार होता. गावच्या मळेवाल्याकडं अखाजी ते अखाजी सालानं बांधलेला. ठरलेलं असायचं बैलांचं आणि शेताचं काम. पण बैलाचं काम करता करता शेण, शेण करता करता गोठा, गोठ्यानंतर मालकाच्या घरचं पाणी, मालकाच्या पोरीच्या लग्नात पत्रावळी उचलणं. सुकलालनं कधी तोंड उघडलं नाही. तरी दरवर्षी अखाजीच्या सकाळी मात्र तो आंघोळ करून, टोपी घालून मालकाच्या ओट्यावर जायचा आणि विचारायचा, "साल ठेवू का सोडू?" तेवढं एक वाक्य वर्षात त्याचं होतं.

"सालदारले बी अखाजी ऱ्हास," उज्ज्वला म्हणाली. "तुमले कव्हय शे?"

सालदारालाही वर्षातून एक दिवस असतो, तुमचा कधी, असं ती विचारत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर नमुन्याचा फोटो आला, आणि वाल्मिकनं त्याला उत्तर दिलं.

या वर्षी अखाजीला अकरा दिवस उरले असताना, एका सोमवारी दुपारी, चिंधा डिंडोलीला वाल्मिकच्या घरी आला. पाळी संपवून तसाच आलेला, नखांत निळा रंग. पाणी दिलं तर घेतलं नाही. दाराशीच उभा.

"भाऊ, बोर्डवर तुनं नाव शे."

"कसं नाव?"

चिंधानं फोन पुढं केला. मिलच्या गेटवरच्या नोटीस बोर्डचा फोटो. हिंदीत मोठ्या अक्षरांत : अखाजीला कुणालाही सुट्टी मिळणार नाही. जो जाईल त्याचं मशीन दुसऱ्याला दिलं जाईल. आणि खाली : 'संपर्क – वाल्मिक मास्टर', पुढं त्याचा नंबर.

"मी नही लिखं हाई," वाल्मिक म्हणाला.

"मंग कोन्ही लिखं? नंबर तं तुनाच शे ना?"

"चिंधा, माले इचारं बी नही कोन्ही."

"दोन वरीस तूच फोन करीसन बलावस आम्हले." चिंधाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मनी सुषमानी पहिली अखाजी शे. माले पोऱ्या नही, मुराळी म्हनीसन मालेच जानं पडी. तिना सासरना वाट दखतीन. आते तूच सांग. जाऊ का नको?"

लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला लेकीला आणायला माहेरचं माणूस गेलं नाही, तर त्या पोरीला सासरी वर्षभर ऐकावं लागतं. हे वाल्मिकला सांगायची गरज नव्हती. आतून उज्ज्वला ऐकत होती. खड्यांची वाटी तिनं खाली ठेवली, तो आवाज दोघांनाही ऐकू आला.

"उद्या जाऊन बोलतो," वाल्मिक म्हणाला.

चिंधा हसला, पण नुसत्या नाकानं. "बोल. तू बोलस तं बरं बोलस."

त्या संध्याकाळी वाल्मिकनं पत्र लिहिलं. करार पुढं ठेवून, शब्दाला शब्द लावून. वेडंवाकडं काही नाही, नोटीस बोर्डाचं नाव नाही, उपकार-अपकार नाही. कराराच्या नवव्या कलमानुसार आजपासून तीस दिवसांनी सल्लागाराचं काम थांबवतो आहे. प्रत्यक्ष काम ठरलेल्या व्याप्तीपेक्षा फार वाढलेलं आहे. ते परत करारापुरतं आणण्याबद्दल मी दिवाळीनंतर लेखी सुचवलं होतं, त्यावर उत्तर मिळालेलं नाही. उरलेल्या दिवसांत मंगळवार आणि शुक्रवार येईन, रेसिपी आणि लॅबचं काम मयुरीच्या ताब्यात रीतसर देईन. सही.

एवढं लिहून झाल्यावर तो उज्ज्वलाला म्हणाला, "बोर्डावरची नोटीस उतरवली तर हे देत नाही."

"मग लिहिलं कशाला?"

"खिशात असू दे."

मंगळवारी भूपतभाई खुशीत होते. पार्टीकडून काळ्या जॉर्जेटची मोठी ऑर्डर आली होती, आणि ती अखाजीच्या आठवड्यातच द्यायची होती.

"आवो मास्टर! चाय."

"चहा नंतर. गेटवर माझं नाव कुणी लावलं?"

"अरे, वो? मैंने बोला लगाने को. आपके नाम का वजन है. मेरा नाम लगाऊंगा तो हंसेंगे."

"ते काढा शेठ. सुट्टी देणं न देणं हे मिलचं काम. माझं काम रंगाचं. मंगळवार-शुक्रवार, लॅब आणि रेसिपी. तेवढंच करीन, आणि चांगलं करीन. हे पाहा, इथंच लिहिलेलं आहे." त्यानं काचेखालच्या कागदावर बोट ठेवलं. चहाचा डाग उजव्या बाजूच्या बरोबर मधोमध पडला होता. कप काचेवर असायचा, तरी काचेच्या फटीतून कधीतरी चहा झिरपला असणार.

भूपतभाईनं खुर्ची मागं सरकवली. आता हसू नव्हतं. "मास्टर, एक बात समझो. वो नौ आदमी यहां आपकी वजह से हैं. और आप यहां उन नौ की वजह से हो. रंग तो मेरी मयुरी भी देख लेती है."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर एक जेट निचरायला लागलं, वाफेचा फुस्स आवाज आला.

वाल्मिकला वाटलं होतं की आपण डोळ्यांसाठी ठेवलेलो आहोत. एका वाक्यात कळलं की दोन वर्षं आपण मुकादम होतो, तोही कन्सल्टंटाच्या फीत. त्यानं खिशातून पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. काचेखाली नाही, वर.

"हे आत्ताच इमेलवरही पाठवतो. रजिस्टर पोस्टानंही येईल. पोहोच म्हणून या प्रतीवर सही द्या."

भूपतभाईनं वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग म्हणाले, "और आपकी डायरी?"

वाल्मिककडं एक जाड, तेलकट डायरी होती. आधीच्या वीस वर्षांतले रंग तिच्यात होते, प्रत्येक पानाला कापडाचा तुकडा चिकटवलेला. या मिलमध्ये बनवलेलं एक पानही तिच्यात नव्हतं. ते सगळं लॅबच्या रजिस्टरात आणि कॉम्प्युटरवर होतं, कारण करारात तसं ठरलं होतं आणि वाल्मिकनं ते पाळलं होतं.

"मिलच्या रेसिपी मिलमध्येच आहेत, एकूण एक. डायरी माझी आहे."

"खाया यहां का और डायरी आपकी?"

"जेवण आणलं घरून, शेठ. डबा तुम्हीही पाहिला आहे."

भूपतभाईनं सही केली. पेन टेबलावर टाकलं. "तीस दिन आना. बराबर चार घंटा. एक मिनट ज्यादा नहीं."

"तेच तर मागत होतो," वाल्मिक म्हणाला.

दुपारी बोर्डावरचा कागद बदलला. नवीन कागदावर सगळं तेच होतं, फक्त त्याचं नाव आणि नंबर नव्हता. वाल्मिकनं चिंधाला फोन केला.

"नाव काढी टाकं त्यासनी."

"दखं मी." मागं यंत्रं चालू होती. "नाव गयं. नोटीस तं शेच ना."

वाल्मिकनं फोन ठेवला. खरंच, त्याच्या हातात आता काही नव्हतं. करारात नव्हतंच कधी.

अखाजीला चिंधा एकटाच गेला. बाकीचे आठ जण थांबले. काळ्या जॉर्जेटचे लॉट दिवसरात्र चालले. अखाजीच्या दिवशी नेमका शुक्रवार होता, वाल्मिक चार तासांसाठी गेला. आठ जण जेटपाशी होते. कुणी हाक मारली नाही. एकानं दुसऱ्याला मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "मास्टर व्हता तं इचाराले तरी माणूस व्हता. आते हात झटकी मोकया व्हयना." वाल्मिक लॅबमध्ये गेला, दार लावून घेतलं.

मयुरीला ताबा देण्याचं काम त्यानं मन लावून केलं. चारशे बारा रेसिपी, प्रत्येकीचा नमुना, कुठला रंग कुठल्या उजेडात फसवतो त्याची यादी. मयुरी प्रत्येक पानावर सही करत होती. सहा पानं झाल्यावर तिनं विचारलं, "सर, तुम्ही गेल्यावर अडलं तर?"

"तुला अडणार नाही."

"फोटो पाठवू?"

वाल्मिकनं तिच्याकडं पाहिलं. हीच एक पोरगी होती जिला तो नाही म्हणू शकत नव्हता. "फोटोत रंग दिसत नाही मयुरी. मागच्या दारात जा, उजेडात धर. दिसेल तेच लिही."

तिसाव्या दिवशी त्यानं शेवटचा अहवाल दिला, गेटपास परत केला. भूपतभाई बाजारात गेलेले होते. कॅबिनच्या दारातून त्याला टेबल दिसलं. काचेखालचा कागद काढून टाकला होता, तिथं एका नवीन मास्टरचं कार्ड होतं. नाव ओळखीचं होतं, दोंडाईच्याकडचं. वाल्मिकनं मनातल्या मनात मोजलं, त्या मास्टरच्या पट्ट्यातले आणखी किती जण त्याच्या मागून येतील.

एकतिसाव्या दिवशी सकाळी दात घासताना फोन वाजला. मयुरीचा फोटो. काळा. फोटोतही तो त्याला तांबूस वाटला. आता हा भ्रम की खरं, हे उजेडात धरल्याशिवाय कळणार नव्हतं. खाली लिहिलेलं, 'सर, शेठ विचारायला सांगतात'. वाल्मिकनं फोन उलटा करून ठेवला. ब्रश तोंडात तसाच. उज्ज्वला पाहत होती.

"पोरगीला शिव्या बसतील," ती म्हणाली.

"बसतील."

त्यानं चूळ भरली. उत्तर दिलं नाही.

त्याच आठवड्यात चिंधा परत घरी आला. अंगावर नवीन शर्ट, हातात फडक्यात बांधलेल्या सांजोऱ्या, सुषमाच्या हातच्या. तिची अखाजी छान झाली होती, झोका बांधला होता, ती परत सासरी गेली. हे सगळं त्यानं उज्ज्वलाला सांगितलं, वाल्मिकला नाही. चिंधाचं जेट भूपतभाईनं खरंच दुसऱ्याला दिलं होतं.

"मंग आते?" वाल्मिकनं विचारलं. "पांडेसऱ्यात एका मिलवाल्याशी माझं बोलणं चालू आहे. करारापुरतंच काम, पण तुझ्यासाठी शब्द टाकतो."

"नको." चिंधा घाईनं म्हणाला. "कडोदरानी एक मिलमा लागनू मी. कालदिनच." मग सांजोऱ्यांच्या फडक्याची गाठ सोडता सोडता त्यानं विचारलं, "त्या मिलमा तुनं काही नही ना भाऊ?"

"नही."

"मंग बरं शे," चिंधा म्हणाला, आणि सांजोरी त्याच्या हातावर ठेवली.